हप्ता एकही चुकला नाही, तरी कर्ज परत मागता येतं: शिरोलीतल्या एका कारखान्याच्या कर्ज-कराराची तपासणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले दोघे भाऊ एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसात आले. थोरल्याच्या हातात बेचाळीस पानांचा कर्ज-करार होता आणि धाकट्याच्या मोबाइलवर एनबीएफसीच्या, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीच्या, माणसाचा मेसेज: सोमवारी सही झाली नाही तर हा व्याजदर राहणार नाही.

काम त्यांचं फाउंड्रींकडून येणाऱ्या कास्टिंगच्या मशीनिंगचं. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेली भागीदारी फर्म, भागीदार तिघे: वडील आणि हे दोघे. आता एक व्हीएमसी आणि एक सीएनसी टर्निंग सेंटर, अशी संगणकावर चालणारी दोन मशीन घ्यायची होती. किंमत ७५ लाख, स्वतःचे १५ लाख, कर्ज ६० लाख. १२ टक्के व्याज, पाच वर्षं, महिना १,३३,४६७ रुपये हप्ता. तारण म्हणून दोन्ही मशीन आणि वडिलांच्या नावचं घर. जामीनदार तिघे भागीदार आणि धाकट्याची पत्नी, कारण ती शिक्षिका आहे आणि तिचा पगार उत्पन्नात धरला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दोघांचे प्रश्न दोनच होते. व्याजदर बरा आहे का, आणि लवकर फेडलं तर किती दंड? थोरला म्हणाला, "साहेब, बँकेचा हप्ता आम्ही कधी चुकवलेला नाही. मग बाकीचं वाचून काय करायचं?"

घाईचा निकाल आधी लावला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून एमएसएमईच्या मुदत कर्जालाही की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा आणि खर्चाचा सोपा गोषवारा, द्यावा लागतो, आणि त्यातल्या अटी कर्जदाराला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. ते कागद यांना त्याच दिवशी दुपारी मिळाले होते. म्हणजे सोमवारची मुदत त्या माणसाच्या टार्गेटची होती. करार माझ्याकडे ठेवून घेतला.

असा करार मी पहिल्या पानापासून वाचत नाही. आधी शोधतो ते कलम, ज्याच्या जोरावर पाच वर्षांची परतफेड एका दिवसावर आणता येते. बँकेतली मंडळी त्याला लोन रिकॉल करणं म्हणतात. तिथून मागे येतो: रिकॉल कशावरून करता येईल, म्हणजे कोणत्या गोष्टी 'कसूर' ठरतात. त्या कसुरींतून आणखी मागे, कोणत्या अटी मोडल्यावर कसूर होते. आणि शेवटी व्याख्या. खरी ग्यानबाची मेख बहुतेक वेळा व्याख्यांच्या पानावर असते.

रिकॉलचं कलम २६व्या पानावर होतं. कसूर घडताच, कोणतीही नोटीस न देता, सगळी शिल्लक, व्याज आणि आकार ताबडतोब देय होतील. वर मुदतपूर्व परतफेडीचे ४ टक्केही लागू. पैसे तुम्हीच परत मागायचे आणि लवकर फेडल्याचा दंडही तुम्हीच घ्यायचा! कसुरींची यादी पावणेदोन पानांची, आणि तिच्यातली पहिलीच ओळ अशी की, या करारातल्या कोणत्याही अटीचा कोणताही भंग ही कसूर. हप्ता चुकणं आणि पत्ता बदलल्याचं कळवायला विसरणं, दोन्ही एकाच पारड्यात.

पण त्याहून वाईट ओळ नवव्या पानावर होती. परतफेडीच्या तक्त्यात काहीही म्हटलं असलं तरी कर्ज मागणी करताच देय राहील. रोजच्या व्यवहारासाठी लागेल तसे पैसे उचलायच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे सीसीच्या, कागदात हे वाक्य असतंच, कारण ते कर्ज मुळात मागणीवर फेडायचं असतं. पाच वर्षांच्या मशीन-कर्जात ते राहिलं तर कसुरींची यादी कितीही घासूनपुसून घ्या, उपयोग शून्य. कसूर नसतानाही पैसे मागता येतात. म्हणून माझ्या यादीत हे वाक्य सगळ्यात वर गेलं.

अटी मोडायला काहीच करावं लागत नाही, ते असं

फर्मचे तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन बसलो आणि करारातली एकेक अट त्यांच्या नेहमीच्या व्यवहारावर लावून पाहिली. ऑफिसात बसून अट कडक की सैल हे ठरत नाही, ती त्या कारखान्याच्या रोजच्या रहाटीत कुठे अडते ते बघावं लागतं.

पहिलीच अट अडली ती कॅलेंडरवर. ऑडिट केलेला ताळेबंद वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत, म्हणजे जूनअखेर द्यायचा. या फर्मचा ताळेबंद दर वर्षी सप्टेंबरात सही होतो, कारण टॅक्स ऑडिटची मुदत सर्वसाधारणपणे ३० सप्टेंबरची असते. कोल्हापुरातल्या बहुतेक छोट्या फर्मचं हेच. म्हणजे सही करताक्षणी ठरून गेलं होतं की दर १ जुलैला हे कसूरवार होणार. कुणी लगेच रिकॉल करणार नाही, हे खरं. पण ज्या दिवशी दुसऱ्या कारणाने संबंध बिघडतील, त्या दिवशी हे कारण हाताशी तयार असेल.

दुसरी अट डीएससीआरची. वर्षभरात कर्ज फेडायला हाती येणारा पैसा, भागिले त्या वर्षी फेडायचे हप्ते. हे गुणोत्तर १.२५च्या खाली जाता कामा नये. अट रास्तच आहे, सगळेच घालतात. घोटाळा व्याख्येत होता. वर, अंशाच्या जागी, सरलेल्या वर्षाचा नफा, घसारा आणि मुदत कर्जावरचं व्याज. खाली, छेदाच्या जागी, 'पुढील बारा महिन्यांत देय होणारे हप्ते'.

आता यांची मशीन ऑक्टोबरात येणार, पहिला हप्ता नोव्हेंबरात. मार्चपर्यंत पाचच हप्ते जाणार. सीएने काढलेल्या अंदाजानुसार त्या वर्षाचा करोत्तर नफा ७ लाख, घसारा ८ लाख, पाच महिन्यांचं व्याज २.९३ लाख, मिळून १७.९३ लाख. सरलेल्याच वर्षाच्या पाच हप्त्यांनी, म्हणजे ६.६७ लाखांनी भागलं तर गुणोत्तर २.६९ येतं. करारातल्या व्याख्येप्रमाणे पुढच्या बारा हप्त्यांनी, १६.०२ लाखांनी भागलं तर १.१२. एकच ताळेबंद, एकच कारखाना. एका व्याख्येने उत्तम, दुसऱ्या व्याख्येने कसूर.

थोरल्याला हा आकडा कागदावर मांडून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "आणि हे त्यांना कळणार कधी?" ताळेबंद त्यांच्या हातात सप्टेंबरअखेर पडणार. तोवर यांचे अकरा हप्ते वेळेवर भरून झालेले, शिल्लक साधारण ५१.५ लाख. तेवढी रक्कम त्या कलमाने एका पत्रावर मागता आली असती, हप्ता एकही न चुकता.

इथे एक कबूल करायला हवं. २.६९ हा आकडाही खरा नाही, तो फसवा चांगला आहे, कारण पाचच हप्ते धरलेत. म्हणून आम्ही व्याख्या आमच्या सोयीची करून मागितली नाही. मागणी अशी केली की अंश आणि छेद एकाच वर्षाचे असावेत, आणि पहिली चाचणी मशीन बारा महिने चाललेल्या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षाची असावी. गुणोत्तर कमी पडलं तर ६० दिवसांत भागीदारांनी भांडवल आणून तूट भरून काढायची मुभा असावी. असं मागितलं की समोरच्या क्रेडिट विभागालाही नाही म्हणणं जड जातं, कारण त्यांनाही उद्या वरच्यांना हेच समजावून सांगायचं असतं.

दुसऱ्याच्या कर्जातली चूक

करारात आणखी एक ओळ होती: कर्जदाराने किंवा कोणत्याही जामीनदाराने इतर कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही कर्जात अनियमितता केली तर तीही या कर्जातली कसूर. क्रॉस डिफॉल्ट म्हणतात ते हेच. ना रकमेची मर्यादा, ना दिवसांची.

जामीनदारांत धाकट्याची पत्नी आहे आणि तिच्या नावावर कारचं कर्ज आहे. पगार दोन दिवस उशिरा झाला आणि कारचा हप्ता बाउन्स झाला, तर व्हीएमसीचं कर्ज रिकॉल होऊ शकतं. हे ऐकून धाकटा हसला. पण खरा धोका कारमध्ये नव्हता, सीसीत होता.

फर्मची एका सहकारी बँकेत ३५ लाखांची सीसी आहे. तिच्यातून प्रत्यक्ष किती वापरता येतील हे ड्रॉइंग पॉवरवर ठरतं. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. माल आणि ९० दिवसांच्या आतली येणी, त्यातून देणी वजा, त्यावर २५ टक्के मार्जिन सोडून जे उरेल ती डीपी. मागच्या वर्षीचे स्टेटमेंट चाळताना जुलैत एक गोष्ट दिसली. एका फाउंड्रीचं ४ लाखांचं बिल ९० दिवस ओलांडून गेलं. ते येण्यांतून वगळताच डीपी ३ लाखांनी खाली आली, ३१ लाखांवरून २८ वर. खात्यात मात्र ३१ लाख उचललेले. पार्टीचा चेक येईपर्यंत नऊ दिवस खातं ३ लाखांनी अनियमित. बँकेच्या मॅनेजरने फोन केला, चेक आला, विषय संपला. सीसी खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरायला ती उचल सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहावी लागते. नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. पण नव्या करारात 'अनियमितता' एवढाच शब्द होता, आणि नऊ दिवसही अनियमितताच.

पार्टी बिल थकवते, त्याने डीपी पडते, त्याने सीसी अनियमित होते आणि त्याने मशीनचं कर्ज रिकॉल होतं. ही साखळी त्या बेचाळीस पानांत कुठेही सलग लिहिलेली नसते. एक कडी एका कागदात, दुसरी भलत्याच बँकेच्या मंजुरीपत्रात. म्हणूनच नवा करार तपासताना मी जुन्या सगळ्या कर्जांचे कागद मागून घेतो.

आम्ही मागितलं ते असं: इतर कर्जातली थकबाकी ५ लाखांच्या वर आणि सलग ३० दिवसांहून जास्त असेल तरच ती इथे कसूर धरावी, जामीनदारांची वैयक्तिक कर्जं वगळावीत. त्याहून चांगली रचना अशी की दुसऱ्या संस्थेने प्रत्यक्ष तिचं कर्ज रिकॉल केलं तरच इथे कसूर. पण एवढ्या कर्जाला तसं कुणी देत नाही, आणि मी फार ताणलंही नाही.

वडिलांचं वय

शुक्रवारी रात्री यादी पूर्ण झाली असं वाटत असताना कसुरींच्या यादीतली एक साधी ओळ पुन्हा वाचली: 'कर्जदार फर्म विसर्जित झाल्यास'. दिवाळखोरी, कारखाना बंद पडणं, यांच्या शेजारी ती बसली होती, म्हणून पहिल्यांदा डोळ्यांखालून निसटली.

सकाळी फोन करून विचारलं, वडिलांचं वय काय? चौऱ्याहत्तर.

भागीदारी कायदा १९३२, कलम ४२: भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. वेगळा करार असेल तर होत नाही. मग यांचा भागीदारी करारनामा मागवला. वीस वर्षांपूर्वीचा, स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, दोन पानी. नफ्याची वाटणी आहे, बँक खातं कोण चालवणार ते आहे, मृत्यूनंतर फर्म चालू राहील अशी ओळ नाही. म्हणजे घरात दुःखाचा प्रसंग आला त्याच दिवशी कर्जही रिकॉल करण्याजोगं झालं असतं, आणि तारण तेच घर.

या अडचणीचं औषध कर्ज-करारात नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या कपाटात होतं. पुरवणी करारनामा करून घेतला: कोणाही भागीदाराच्या मृत्यूने किंवा निवृत्तीने फर्म विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार ती चालू ठेवतील. मागे दोघे उरतात म्हणून हे जमतं. दोनच भागीदारांची फर्म असती तर एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नाही, तिथे आधीच तिसरा भागीदार घ्यावा लागला असता. एनबीएफसीकडे फक्त एवढं मागितलं की मृत्यूमुळे भागीदार बदलले तर ९० दिवसांत कळवावं, ती कसूर धरू नये.

हा विषय वडिलांपुढे काढायचा कुणी, यावर दोघा भावांत थोडा वेळ चुळबुळ झाली. शेवटी म्हातारबांनीच पुरवणी कागद वाचून विचारलं, "एवढीच ओळ? वीस वर्षांपूर्वी का नाही घातली?" आणि सही केली.

काय मिळालं, काय नाही

एनबीएफसीचं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: हा छापील नमुना आहे, बदलता येत नाही. छापील नमुना खरंच बदलत नाहीत, आणि त्यासाठी भांडण्यात अर्थ नसतो. मागायचं ते पुरवणी पत्र, अधिकृत सही करणाऱ्याच्या सहीचं, ज्यात लिहिलेलं असेल की करार आणि हे पत्र यांत विसंगती आली तर पत्र ग्राह्य. रिलेशनशिप ऑफिसरने ई-मेलवर "सर काळजी करू नका, आम्ही असं कधी करत नाही" असं लिहून दिलं होतं. त्या ई-मेलवर मी भरवसा ठेवायला तयार नव्हतो, कारण करारातच कलम आहे की आधीची सगळी बोलणी आणि पत्रव्यवहार या कराराने रद्द.

दोन फेऱ्यांनंतर पुरवणी पत्र आलं. मागणी करताच देय हे वाक्य राहिलं, पण कसूर घडून सुधारणेची मुदत संपल्यानंतरच ते लागू होईल असं जोडलं. हप्ता चुकल्यास १० दिवस आणि इतर अटी मोडल्यास लेखी नोटिशीपासून ३० दिवस सुधारणेला मिळाले. ताळेबंदाची मुदत ३१ ऑक्टोबर झाली. डीएससीआरची व्याख्या आम्ही मागितली तशी झाली, भांडवल आणायच्या मुभेसह. क्रॉस डिफॉल्टला ५ लाख आणि ३० दिवस मिळाले. जामीनदारांची वैयक्तिक कर्जं वगळायला नकार आला, पण तीच मर्यादा त्यांनाही लावली, आणि कारच्या कर्जाची उरलेली शिल्लकच ५ लाखांच्या आत असल्याने प्रश्न मिटला. रिकॉल केल्यास ४ टक्के नाहीत. मृत्यूची ओळही मान्य झाली.

दंडाच्या कलमात मागणी करावीच लागली नाही. करारात अटभंगाबद्दल 'जादा व्याज महिना २ टक्के, मुद्दलात मिळवून' असं जुनं वाक्य राहून गेलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानंतर दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही, त्यावर पुढे व्याज लावता येत नाही आणि तो वाजवी आणि झालेल्या अटभंगाला साजेसा असावा लागतो. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. परिपत्रकाची तारीख लिहून पाठवली, वाक्य दुसऱ्या दिवशी गेलं.

एक गोष्ट लढूनही मिळाली नाही. 'कर्जदात्याच्या मते प्रतिकूल बदल घडल्यास' ही कसूर तशीच राहिली. 'वाजवी मते' एवढा एक शब्द घालून मिळाला. तो किती कामाचा हे कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही. दुसरी जी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटत होती तीही अर्धीच मिळाली. करारात असं कलम असतं की कसूर झाल्यावरही कर्जदात्याने हप्ते घेत राहिलं म्हणून त्याचा हक्क जात नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी सुधारलेली चूकही आज उकरून काढता येते. मुदतीत सुधारलेली कसूर संपली असं धरावं, हे त्यांनी मान्य केलं. ज्या कसुरीवर सहा महिन्यांत काही केलं नाही ती सोडून दिली असं धरावं, हे मान्य केलं नाही.

मागताच रक्कम देऊ असं वचन लिहिलेल्या डिमांड प्रॉमिसरी नोटवर सही करावी लागलीच. फक्त तारीख आणि रकमेची जागा कोरी ठेवू दिली नाही, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत तिथेच घेतली. सही सोमवारऐवजी पुढच्या गुरुवारी झाली. व्याजदर तोच राहिला.

पुढच्या पावसाळ्यात तीच फाउंड्री पुन्हा थकली. या खेपेला बिल मोठं होतं, सीसी चौदा दिवस अनियमित राहिली, तीही ६ लाखांनी. एनबीएफसीला कुठून तरी सुगावा लागला आणि 'कराराच्या अटींचा भंग, तातडीने खुलासा करावा' असं पत्र आलं. धाकट्याने घाबरून फोन केला. पुरवणी पत्रातला परिच्छेद, सीसी खात्याचा उतारा आणि खातं नियमित झाल्याचं सहकारी बँकेचं पत्र, एवढं जोडून तीन ओळींचं उत्तर पाठवलं: रक्कम मर्यादेच्या वर होती, दिवस तीसच्या आत, सबब कसूर नाही. त्यावर पुन्हा पत्र आलं नाही.

थोरल्याने मात्र त्या फाउंड्रीचं काम कमी केलं, आणि आता ऐंशीव्या दिवशी तो स्वतः तिथे जाऊन बसतो.